एका गोळीत चार औषधं: टीबीच्या संयुक्त गोळ्या मोजून आणि रोज कशा द्यायच्या

घरात कुणाला टीबी निघाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्यांच्या पट्ट्या हातात पडल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोज इतक्या गोळ्या कशाला, आणि सगळ्या एकसारख्याच कशा? हा लेख पहिल्यांदाच रुग्णाला गोळ्या देणाऱ्या माणसासाठी आहे. ती नवी आशाताई असेल, घरची सून असेल किंवा थोरला मुलगा असेल. इथे बोलणं फक्त साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीचं आहे. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचे उपचार वेगळे असतात, त्यांना खालचं काहीही लावू नका.

गोळीत काय आहे

पहिल्या दोन महिन्यांच्या गोळीला दवाखान्यात ‘फोर एफडीसी’ म्हणतात. मोठ्या माणसाच्या एका गोळीत आयसोनियाझिड ७५ मिलिग्रॅम, रिफॅम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४०० आणि इथॅम्बुटॉल २७५ अशी चार औषधं ठरलेल्या प्रमाणात दाबून बसवलेली असतात. पुढच्या चार महिन्यांची ‘थ्री एफडीसी’. तिच्यात पायराझिनामाइड नसतं, बाकीची तीन त्याच प्रमाणात असतात. म्हणून पट्टीतल्या सगळ्या गोळ्या सारख्या दिसतात. ही सकाळची, ती संध्याकाळची, ही लिव्हरची असा काही फरक त्यांच्यात नसतो.

चार औषधं लागतात त्याचं कारण जंतूंच्या संख्येत आहे. फुप्फुसात खड्डा पडलेल्या रुग्णाच्या अंगात एक कोटीपासून शंभर कोटींपर्यंत जंतू असू शकतात. एवढ्या गर्दीत साधारण दहा लाखांत एक जंतू असा निघतो की त्याला आयसोनियाझिड मुळातच लागू पडत नाही. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा जंतू साधारण दहा कोटींत एक. एकटं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतात आणि ते मूठभर चिवट जंतू मोकळ्या रानात वाढतात. दोन्ही औषधं सोबत असली की एकाला चुकवणारा दुसऱ्याच्या हाती सापडतो, कारण दोघांनाही चुकवणारा जंतू सापडणं जवळजवळ अशक्य.

सुट्या गोळ्यांची अडचण इथेच होती. सांधे दुखायला लागले की कुणीतरी सांगतं, ‘ती मोठी पांढरी सोड, तीच दुखवते.’ लघवी लाल झाली की दुसरी गोळी बाजूला. माणूस रोज औषध घेतो, घरच्यांनाही दिसतं, पण पोटात चारातली दोनच जातात. संयुक्त गोळीत ही निवड करताच येत नाही. घेतली तर चारही गेली, चुकली तर चारही चुकली. चारही चुकलेला दिवस वाईटच, पण आठवडेच्या आठवडे एकट्या औषधावर काढण्यापेक्षा तो कमी धोक्याचा.

एक गोष्ट स्पष्ट ठेवा. संयुक्त गोळी सुट्या गोळ्यांपेक्षा जोरदार नाही. चारही औषधं नेमाने घेतली तर सुट्या गोळ्यांनीही माणूस तितकाच बरा होतो. या गोळीमुळे मोजणं सोपं होतं, चुकायच्या जागा कमी होतात आणि पट्टी बघून काय घडलं ते कळतं. आठवण मात्र ती करून देत नाही. ते काम माणसालाच करावं लागतं.

गावात अजून एक अडचण भेटते. २०१७ पर्यंत सरकारी उपचार आठवड्यातून तीन दिवस होते. पहिल्या टप्प्यात नेहमीच्या वजनाच्या माणसाला एका वेळी सात सुट्या गोळ्या गिळाव्या लागत. त्या काळात बरे झालेले मोठेबाबा, मामा अजून आहेत आणि ते खात्रीने सांगतात, ‘दिवसाआड घ्याच्या असतात, मी तसाच बरा झालो.’ ते खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा उपचार वेगळा होता. आताच्या गोळीतली मात्रा रोजच्या हिशेबाने बेतलेली आहे. दिवसाआड घेतली तर औषध सरळ अर्धं होतं. पहिल्याच दिवशी अशा जुन्या रुग्णाच्या समोरच हे बोलून टाका. नंतर समजूत काढायला वेळ जातो.

वजन, मग गोळ्यांचा आकडा

गोळ्या किती द्यायच्या ते वयावर नाही, वजनावर ठरतं. मोठ्या माणसाला २५ ते ३४ किलोला २ गोळ्या, ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५ आणि त्याच्या वर ६. वजन दवाखान्याच्या काट्यावर, चपला काढून घ्या. किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभं करून चालत नाही, कारण ४९ आणि ५० यांच्यात एका गोळीचा फरक आहे. आकडा डॉक्टर किंवा सिस्टर लिहून देतील, पण तो वजनाशी जुळतो का ते तुम्हीही एकदा ताडून पाहा.

लहान मुलांची गोळी वेगळी असते. ती पाण्यात विरघळते आणि तिचं प्रमाणही वेगळं असतं. मोठ्याची गोळी अर्धी तोडून लेकराला देऊ नका.

रोजच्या सगळ्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या. तीन असतील तर एक सकाळी, दोन संध्याकाळी असं लोक स्वतःच ठरवतात, कारण एकदम तीन जड वाटतात. रिफॅम्पिसिनचा मारा त्याच्या रक्तातल्या उंच पातळीवर असतो. तुकडे केले की ती पातळी गाठलीच जात नाही.

वेळ उपाशीपोटी, म्हणजे जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तास नंतर. पण कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी सातला बाई वावरात जायला निघते, तिला गोळी घेऊन तासभर थांबायला वेळ कुठून असणार? मग गोळी झोपताना, जेवणाला दोन तास झाले की घ्यायची. आणि उपाशीपोटी घेतल्यावर मळमळ होऊन गोळीच टळत असेल तर दोन घास हलकं खाऊन घ्या. नियमाप्रमाणे आठवड्यात चार दिवस घेण्यापेक्षा थोडं खाऊन सातही दिवस घेतलेली बरी. आम्लपित्ताची गोळी किंवा पातळ औषध मात्र सोबत देऊ नका, त्याने आयसोनियाझिड नीट शोषलं जात नाही. दोन्हींमध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

पट्टीतला दहावा दिवस

सरकारी पुरवठ्याच्या पट्टीत २८ गोळ्या असतात. रोज ४ घेणाऱ्याची पट्टी बरोबर सात दिवस पुरते. सोमवारी सुरू केली तर रविवारी संपते, हिशेब तोंडपाठ. रोज २ घेणाऱ्याची चौदा दिवस. अडतो तो रोज ३ घेणारा, आणि आपल्याकडे ३५ ते ४९ किलोचे रुग्ण पुष्कळ. नऊ दिवसांत २७ गोळ्या जातात आणि दहाव्या दिवशी पट्टीत एकच उरते. ती एक घेतली, पट्टी फेकली आणि ‘आजची झाली’ असं समजलं की त्या दिवशी मात्रा एक तृतीयांश झाली. दुसऱ्या पट्टीत हेच पुन्हा घडतं.

यावरचा उपाय साधा आहे. पट्ट्या हातात आल्या की पेनाने किंवा काजळाच्या पेन्सिलीने मागच्या बाजूला तीन-तीन गोळ्यांभोवती गोल करा आणि तारीख लिहा. पहिल्या पट्टीत शेवटी उरलेल्या एका गोळीशी दुसऱ्या पट्टीच्या पहिल्या दोन जोडा, दोन्ही ठिकाणी एकच तारीख टाका आणि पट्ट्या रबराने एकत्र बांधा. तीन पट्ट्या म्हणजे ८४ गोळ्या, म्हणजे बरोबर २८ दिवस, तेव्हा शेवटी हिशेब जुळतोच. वाचता येत नसेल तर तारखेऐवजी वार ओळखायला खूण करा. आठवडी बाजाराच्या दिवसावर मोठी फुली केली की बाकीचे दिवस त्यावरून लागतात.

रिकामी पट्टी फेकू देऊ नका. ती हिशेबाची वही आहे.

काही भागांत पट्टीला कागदी वेष्टण असतं. गोळी दाबून काढली की त्यामागे लपलेला फोन नंबर दिसतो आणि त्यावर फुकट मिस्ड कॉल द्यायचा असतो. उपयोगी आहे, पण रेंज नसलेल्या पाड्यावर किंवा घरातला एकच फोन कामावर गेलेल्या माणसाच्या खिशात असताना त्यावर भरवसा ठेवू नका. शिवाय कॉल गेला म्हणजे गोळी पोटात गेलीच असं नाही.

एक हिशेब पूर्ण करून पाहू

समजा यवतमाळकडचा एक शेतमजूर आहे, वजन ४७ किलो. १ ऑक्टोबरला फोर एफडीसी सुरू झाली, रोज ३. पहिला टप्पा ५६ दिवसांचा, म्हणजे १६८ गोळ्या, सहा पट्ट्या. त्या दोन खेपांत मिळाल्या. मध्ये सोयाबीनची सोंगणी झाली, दिवाळी झाली. १० नोव्हेंबरला, त्या दिवशीच्या गोळ्या घेऊन झाल्यावर, तुम्ही घरी गेलात आणि विचारलं, ‘भाऊ, रोज घेता ना?’ उत्तर येईल, ‘हो, रोजच घेतो.’ हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. ‘पट्ट्या आणा’ म्हणा.

१ ऑक्टोबरपासून १० नोव्हेंबरपर्यंत ४१ दिवस झाले, म्हणजे १२३ गोळ्या जायला हव्या होत्या आणि ४५ उरायला हव्या होत्या. समोर दोन अख्ख्या पट्ट्या आहेत आणि तिसरीत एक गोळी, एकूण ५७. बारा जास्त. बाराला तीनने भागलं तर चार दिवस. आता विचारायचं, ‘दिवाळीत कुठे गेला होतात?’ बहुतेक वेळा उत्तर निघतं: सासुरवाडीला चार दिवस, गोळ्या घरीच राहिल्या.

बारा ज्यादा गोळ्यांना नेहमी ‘चार दिवस सुटले’ असाच अर्थ नसतो. कुणी बारा दिवस तीनऐवजी दोनच घेतल्या असल्या तरी आकडा तोच येतो. म्हणून फक्त बेरीज पाहू नका, पट्टीवरचे तारखांचे गोलही पाहा. गोळ्या गोलागोलाने गेल्या आहेत की मधूनमधून एकेक राहिली आहे, हे लगेच दिसतं. आकड्यापेक्षा गोळ्या कमी भरल्या तर आधी गोळ्या खाली पडल्या का ते विचारा. नाहीतर घरातलं खोकणारं दुसरं माणूस त्यातूनच घेत असू शकतं. तेही होतं.

चुकलेले चार दिवस शेवटी जोडायचे. दुसऱ्या दिवशी सहा गोळ्या देऊन भरपाई करू नका. त्याने लिव्हरवर ताण पडतो आणि गेलेला दिवस परत येत नाही. त्याच दिवशी रात्री आठवण झाली तर त्या दिवशीच्या गोळ्या घ्याव्यात. दुसरा दिवस उजाडला असेल तर नेहमीच्याच तीन. या माणसाचा ५६ वा डोस २५ ऐवजी २९ नोव्हेंबरला पडतो. सलग महिनाभर किंवा जास्त खंड पडला असेल तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. बेडका पुन्हा तपासून डॉक्टर ठरवतात.

पहिला टप्पा संपताना बेडक्याची तपासणी होते आणि पुन्हा वजन घेतात. त्याचं वजन आता ५२ किलो भरलं. पाच किलो वाढलं आणि ५० ची रेषही ओलांडली, म्हणून पुढच्या टप्प्यात रोज ३ नाही, ४ गोळ्या. हा बदल फार वेळा राहून जातो. माणूस अंगाने भरलेला दिसतो, सगळे खूश असतात आणि जुनाच आकडा चालू राहतो. वाढलेल्या अंगाला औषध कमी पडतं. म्हणून महिन्यातून एकदा काटा.

दुसऱ्या टप्प्यात ११२ दिवस, रोज ४ थ्री एफडीसी, एकूण ४४८ गोळ्या, १६ पट्ट्या, १६ आठवडे. ३० नोव्हेंबरला सुरू केली आणि एकही दिवस चुकला नाही तर फेब्रुवारी २८ दिवसांचा धरून २१ मार्चला संपते. या बदलाच्या दिवशी घरात जुन्या फोर एफडीसीची उरलेली पट्टी असेल तर ती सिस्टरकडे परत द्या. ‘आधी ती संपवतो’ म्हणून कुणी घेत बसतं. रंगावरून ओळखू नका, पट्टीवरची औषधांची नावं मोजा: चार नावं की तीन.

लाल लघवी आणि पिवळे डोळे

रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, कधी डोळ्यांतलं पाणीही नारंगी-लाल होतं. हे पहिली गोळी देण्याआधी सांगा, नंतर नाही. संयुक्त गोळी एकदम सोडून देण्याचं हे मोठं कारण आहे आणि त्याला दवा काहीच नाही, फक्त आधी सांगणं. उलट लघवीला हा रंग दिसणं म्हणजे औषध पोटात गेल्याची खूण समजा. गोळी घेतल्यावर काही तासांत तो गडद असतो आणि नंतर फिका पडतो.

काविळीचा रंग वेगळा. तो दिवसभर टिकतो, लघवी मोहरीच्या तेलासारखी किंवा काळ्या चहासारखी होते, सोबत भूक जाते, उलट्या होतात, थकवा येतो. माणसाला अंगणात उजेडात उभं करून खालची पापणी ओढा आणि डोळ्याचा पांढरा भाग पाहा. तो पिवळा दिसला तर गोळ्या त्याच क्षणी थांबवून त्याच दिवशी दवाखान्यात न्या. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर तेही त्याच दिवशी कळवा. तो इथॅम्बुटॉलचा त्रास असू शकतो. सांधे दुखणं, हातापायाला मुंग्या येणं यासाठी गोळ्या थांबवायच्या नसतात, पण सिस्टरला सांगायचं असतं. मुंग्यांना ब-६ जीवनसत्त्वाची गोळी मिळते.

काविळीत संयुक्त गोळीची मर्यादा उघडी पडते. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरवर जाणारी आहेत आणि एका गोळीत बांधलेली असल्यामुळे दोषी कोण ते गोळीवरून कळत नाही. अशा वेळी डॉक्टर गोळी बंद करतात आणि रक्ततपासणी ठीक झाल्यावर सुटी औषधं एकेक करून पुन्हा सुरू करतात. तेवढ्यापुरत्या सुट्या गोळ्याच योग्य. रुग्णाने घाबरू नये आणि घरच्यांनीही ‘आम्हाला चुकीच्या गोळ्या दिल्या’ असं समजू नये. मोहाची दारू पिणाऱ्याला हा धोका जास्त असतो. शिवाय रात्री प्यायलेला माणूस रात्रीची गोळी हमखास चुकवतो, म्हणून त्याच्या गोळ्या सकाळीच ठेवा.

रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या कुचकामी ठरतात. मधुमेहाच्या आणि एचआयव्हीच्या औषधांवरही परिणाम होतो. चालू असलेली प्रत्येक गोळी पहिल्याच भेटीत डॉक्टरला दाखवा, फक्त नाव सांगू नका, पट्टी दाखवा.

ठेवायची कुठे

एकाच गोळीत चार औषधं जवळजवळ बसलेली असल्यामुळे ती ओल लागली की बिघडते. इथॅम्बुटॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलीत आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन एकमेकांना खराब करतात. म्हणून पावसाळ्यात आठवड्याच्या गोळ्या काढून डबीत भरून ठेवण्याची सवय इथे नको. गोळी गिळायच्या वेळीच पट्टीतून काढा. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली, भिंतीच्या वरच्या कोनाड्यात पट्टी ठेवू नका, तिथे भाजते. सावलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. चूल आणि न्हाणीपासून दूर. गोळी फुगलेली, मऊ पडलेली, डाग पडलेली दिसली किंवा पट्टीचा कागद फाटला असेल तर ती बदलून आणा.

दूर मजुरीला जाणाऱ्यांचं आधीच ठरवून ठेवावं लागतं. गडचिरोली-चंद्रपूरकडून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि आठवडेच्या आठवडे तिकडेच असतात. जायच्या आठवडाभर आधी सिस्टरला गाव आणि मुक्काम सांगा. सोबत जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात किंवा तिकडच्या दवाखान्यात नोंद फिरवता येते. १८००-११-६६६६ हा निक्षय संपर्क या टीबीच्या सरकारी हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, तिकडूनही लागतो. न सांगता गेलेल्या माणसाच्या गोळ्या पंधरा दिवसांत संपतात आणि परक्या गावात तो टीबीचं नाव काढत नाही.

शेवटच्या पट्टीत गोळ्या उरल्या तर त्यांचा आधी हिशेब लावा, चुकलेले दिवस भरून काढा आणि तरी उरल्या तर केंद्रात जमा करा. शेजारचा कुणी खोकतो म्हणून त्याला चार दिवसांच्या गोळ्या देऊ नका. त्याला बेडक्याची डबी द्या.